नऊ लाखांचे पेढे आणि पंचावन्न हजारांचा मेसेज

बसा बसा, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, पुढे बसलात तर मी काही कोणाची पगाराची स्लिप मागणार नाही. मी बावीस वर्षं पेरोलमध्ये काढली, म्हणजे लोकांचे पगार काढायचे आणि पहिल्या तारखेला शिव्या खायच्या. आज विषय ऑफर लेटरवरच्या सीटीसीतून हातात नक्की किती पडतात हा, पण आधी माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो, कारण या विषयावर बोलायचा कंड मला त्याच्यामुळेच आहे.

भाच्याला पुण्यात नोकरी लागली, पॅकेज नऊ लाख. ताईने त्याच दिवशी सगळ्या चाळीत पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाच्या बायोडेटात "वार्षिक उत्पन्न ९ लाख" घातलं, ही आपली सामाजिक समस्या आहे पण तो वेगळा विषय, आयोजकांनी बोलावलं तर पुढच्या वेळी. तर भाच्याने नऊ लाखाला बाराने भागलं, पंचाहत्तर हजार आले. त्या हिशोबावर वाकडला सव्वीस हजारांचा फ्लॅट घेतला, गाडीचा हप्ता चालू केला. मी म्हटलं, अरे ऑफर लेटरसोबतचं ते पगाराच्या फोडीचं अ‍ॅनेक्शर दाखव की. तर म्हणे मामा, ते पीडीएफ आहे, नंतर बघू. पहिला पूर्ण महिना झाला आणि बँकेचा मेसेज आला, ५५,३०० जमा. ताईचा मला रात्री साडेदहाला फोन, "अरे कंपनीने पोराला फसवलं रे!" मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे गेलो, पोहे खाल्ले आणि मग ते पीडीएफ उघडलं. कोणी फसवलं नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं, पान तीनवर, बारीक अक्षरात.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, म्हणजे आता पळवतो.)

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यापायी वर्षाला होणारा खर्च. त्यातलं दरमहा तुमच्याकडे येणारच नाही असं आधी बाजूला काढा. भाच्याच्या कागदावर चार गोष्टी होत्या. व्हेरिएबल ९०,०००, तो वर्षाअखेरीस आणि कंपनीच्या मर्जीवर. कंपनीचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के, बेसिक साडेचार लाख म्हणून ५४,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे २१,६४५, हे पैसे आज कोणाच्याच खात्यात जात नाहीत, साधारण पाच वर्षं टिकलात तर मिळतात, आणि आमचा पठ्ठ्या दोन वर्षांत नोकरी बदलणारच. आणि मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता १४,३५५. बेरीज १,८०,०००. नऊ लाखातून वजा करा, उरले ७,२०,०००, भागिले बारा, महिन्याला ६०,००० ग्रॉस.

यात बेसिक ३७,५००, एचआरए १५,०००, आणि स्पेशल अलाउन्स ७,५००. हा स्पेशल काही स्पेशल नसतो हो, बाकी सगळं लिहून झाल्यावर उरेल तो आकडा भरायचा रकाना. मी स्वतः हजारदा भरलाय. लोक एचआरए कमी का म्हणून भांडतात, पण नव्या करप्रणालीत एचआरएची सूट मिळतच नाही, मग या रकान्यातून त्या रकान्यात टाकलं तरी हातात तेवढेच. भांडायचंच तर बेसिक बघा, कारण पीएफ त्यावर चालतो.

आता साठ हजारांतून तुमचा स्वतःचा पीएफ, पुन्हा १२ टक्के, ४,५००, आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २००. राहिले ५५,३००. इन्कम टॅक्स शून्य, कारण २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही, भाच्याचा व्हेरिएबल धरूनही आठ लाख दहा हजारच होतात.

बघा, पीएफ दोनदा गेला, एकदा कंपनीच्या नावाने आणि एकदा तुमच्या नावाने, आणि दोन्ही तुमच्याच सीटीसीतून. महिन्याला नऊ हजार. ते बुडत नाहीत, तुमच्याच पीएफ खात्यात जातात (कंपनीच्या वाट्यातला एक भाग पेन्शनकडे वळतो), पण घरमालकाला देता येत नाहीत. म्हणून सही करायच्या आधी एचआरला एकच विचारा, पीएफ पूर्ण बेसिकवर की पंधरा हजारांच्या मर्यादेवर? मर्यादेवर असेल तर दोन्ही बाजूंना १,८००च, आणि कंपनीच्या बाजूचा वाचलेला पैसा पगारात आला तर याच नऊ लाखांत हातात ६०,७०० येतात. म्हातारपणाची शिल्लक तेवढी कमी, ते तुमचं तुम्ही ठरवा.

उठा म्हणतायत. एकच शेवटचं, फेब्रुवारीत शंभर रुपये कमी आले तर एचआरला मेल टाकू नका, व्यवसाय कर वर्षाचा अडीच हजार पुरा व्हावा म्हणून त्या महिन्यात दोनशेऐवजी तीनशे कापतात. ताईचा त्यावरही फोन आला होता.