आठ तारखेची माघार, अकरा तारखेचा होकार

१ ऑक्टोबर १८७९. वेल्समधल्या कार्डिफ बंदरातून व्हॅन टीनहोवेन ही पेढी न्यूयॉर्कच्या बर्न कंपनीला लिहिते: टिनच्या पत्र्याच्या एक हजार पेट्या ठरल्या भावाने विकायला आम्ही तयार आहोत. टपाल बोटीने जाणार, पोहोचायला दहा दिवस लागणार. तेवढ्यात पत्र्याचे भाव चढतात. ८ तारखेला विक्रेते दुसरं पत्र टाकतात: प्रस्ताव मागे घेतला आहे.

११ तारखेला न्यूयॉर्कमध्ये पहिलं पत्र उघडलं जातं. दुसरं अजून समुद्रात आहे. खरेदीदार त्याच दिवशी तारेने होकार कळवतात. माघारीचं पत्र त्यांच्या हाती पडतं २० तारखेला.

१८८० मध्ये न्यायमूर्ती लिंडली यांनी निकाल दिला: करार ११ ऑक्टोबरलाच झाला. माघार नुसती टपालात टाकून भागत नाही, ती समोरच्याला कळावी लागते. होकाराचं तसं नाही. तो पाठवला की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. हा भेद मला न्याय्य वाटतो. होकार देणारा त्या भरवशावर माल पुढे विकतो. माघारीचं एखादं पत्र वाटेत असेल का, या धास्तीत त्याने किती दिवस थांबायचं?

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ४ हेच सांगतं, पण एक पाऊल वेगळं टाकतं. समजा, नागपूरच्या बागायतदाराने पुण्याच्या व्यापाऱ्याला संत्र्यांचा भाव पत्राने कळवला. व्यापाऱ्याने सोमवारी होकाराचं पत्र टपालात टाकलं. पत्र त्याच्या हातातून सुटलं, त्या क्षणी बागायतदार बांधला गेला. मंगळवारी त्याने फोन करून नकार दिला तरी उपयोग नाही. व्यापारी मात्र अजून मोकळा आहे. त्याचं पत्र बुधवारी पोहोचणार असेल, तर मंगळवारी फोन करून तो आपला होकार मागे घेऊ शकतो. पत्र बागायतदाराला कळलं, की तोही अडकला. अर्थात, पत्त्यात व्यापाऱ्याचीच चूक असेल, तर टपालात टाकल्याचा फायदा त्याला मागता येत नाही. वाद झालाच, तर पत्र कधी टाकलं हे स्पीड पोस्टाच्या पावतीवरून दाखवता येतं.

फोनवरच्या होकाराचं काय? हा प्रश्न आपल्या खामगावातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५९ मध्ये अहमदाबादच्या व्यापाऱ्याने फोनवरून सरकीची पेंड मागितली, खामगावच्या गिरणीने फोनवरच होकार दिला. खटला कुठे चालवायचा, हे करार कुठे झाला यावर ठरणार होतं. १९६५ मध्ये बहुमताने सांगितलं: फोनला टपालाचा नियम लागू नाही, होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादला, करार झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळं मत नोंदवलं. कलम ४ मधले शब्द जसेच्या तसे लावले, तर होकार खामगावात उच्चारला गेला तेव्हाच तो बोलणाऱ्याच्या हातून सुटला होता, आणि म्हणून करार खामगावचाच.