नंबर आधी, फोन नंतर

[दृश्य: टेबलावर दोन मोबाइल. एक वापरून घासलेला, दुसरा खोक्यातून नुकताच काढलेला. मधे दोन सिमकार्ड.]

निवृत्तीला आठवडा उरला आहे. कार्यालयाने दिलेलं सिम परत करायचं आहे, नवा नंबर स्वतःच्या नावावर घेऊन झाला आहे आणि मुलांनी नवा फोनही आणून दिला आहे. जुन्या नंबरावर बारा-चौदा वर्षांचं व्हॉट्सअ‍ॅप आहे: सोसायटीचा ग्रुप, गावाकडच्या भावकीचा ग्रुप, डॉक्टरांनी पाठवलेले रिपोर्ट, नातवंडांचे फोटो. नंबर आणि फोन एकाच वेळी बदलायचे आहेत, आणि बहुतेकांची गफलत होते ती इथेच.

साधारण होतं असं. नवं सिम नव्या फोनमध्ये घालतात, व्हॉट्सअ‍ॅप उतरवून घेतात, नवा नंबर टाकतात आणि जुने चॅट आपोआप येतील म्हणून वाट पाहतात. ते येत नाहीत. अ‍ॅप बॅकअप शोधतं आणि काही सापडलं नाही असं सांगतं. गुगल खातं तेच असतं, बॅकअपही शाबूत असतो, तरी तो मिळत नाही. कारण अँड्रॉइडवर हा बॅकअप दोन गोष्टींना बांधलेला असतो: गुगल खातं आणि तो घेतला तेव्हाचा मोबाइल नंबर. खातं जुळलं, नंबर जुळला नाही, की तो बॅकअप तुमचा मानला जात नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी जुन्या फोनवरच नंबर बदलायचा, मग नव्या नंबराचा ताजा बॅकअप घ्यायचा आणि शेवटी फोन बदलायचा.

[दृश्य: जुना फोन. दुसऱ्या खाचेत नवं सिम बसवणारा हात.]

नव्या नंबरावर एसएमएस येतो ना, हे एकदा तपासून घ्या. त्या नंबरावर वेगळं व्हॉट्सअ‍ॅप खातं मात्र उघडू नका. फोनला दोन सिमची सोय असेल तर नवं सिम जुन्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला. पडताळणीचा कोड दुसऱ्या हँडसेटवर घेऊन टाकणं आजवर चालत आलं आहे. पण नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅप फोनमधल्या चालू सिमशी जोडलेलं ठेवण्याचे निर्देश दिले. तेव्हा दोन्ही सिम त्याच फोनमध्ये असणं सगळ्यात बिनधोक. त्याच कारणाने जुनं सिम कार्यालयात जमा करण्याआधीच हे काम उरकून घ्या.

सहा आकडी पिनची पडताळणी चालू असेल तर तो पिन आठवतो का, तेही आत्ताच पाहा. Settings, Account, Two-step verification इथे तो बदलता येतो. नव्या फोनवर पिन आठवला नाही आणि ईमेलही जोडलेला नसला, तर सात दिवस थांबावं लागू शकतं.

[दृश्य: स्क्रीन जवळून. बोट एकेका पर्यायावर थांबतं.]

आता मुख्य काम. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings, मग Account, मग Change number. समोर दोन रकाने येतात. वर जुना नंबर, खाली नवा. दोन्हीकडे देशाचा कोड 91 आणि पुढे दहा आकडे. आधी शून्य लावायचं नाही. पुढच्या पडद्यावर संपर्कांना कळवायचं का, असं विचारलं जातं. सगळ्यांना, ज्यांच्याशी चॅट आहे तेवढ्यांना किंवा निवडून काही जणांना, असे पर्याय मिळतात. फोनमध्ये प्लंबरपासून जुन्या भाडेकरूपर्यंत शेकडो नंबर साठलेले असतात. त्या सगळ्यांच्या हाती नवा नंबर द्यायचं कारण नाही. मधला पर्याय बहुतेकांना पुरतो. ग्रुपमध्ये मात्र ही निवड चालत नाही. तिथे नंबर बदलल्याची ओळ सगळ्यांना दिसतेच. एखाद्या ग्रुपला नवा नंबर कळायला नको असेल, तर आधीच त्यातून बाहेर पडा.

नव्या नंबरावर कोड येतो, तो टाकला की झालं. चॅट जागच्या जागी राहतात, कारण ते याच फोनमध्ये साठलेले आहेत. ग्रुपमध्ये जुन्याच्या जागी नवा नंबर येतो. एखाद्या मोठ्या ग्रुपचे तुम्ही एकटेच अ‍ॅडमिन असाल, तर हे करण्याआधी आणखी एकाला अ‍ॅडमिन करून ठेवा. लगेच दोन गोष्टी बघा: एखाद्या जुन्या चॅटमध्ये वर सरकत जाऊन पहिले मेसेज दिसतात का, आणि ग्रुपच्या यादीत तुमचा नवा नंबर आहे का.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. आधीचा बॅकअप जुन्या नंबराचा होता, तो आता कामाचा नाही. Settings, Chats, Chat backup इथे जा. खाली दिसणारं गुगल खातं नव्या फोनवर तुम्ही वापरणार आहात तेच आहे ना, हे पाहा. व्हिडिओ हवे असतील तर त्यांचं बटण चालू करा आणि वायफायवर Back up दाबा. बॅकअपची वेळ आत्ताची दिसली, की तो खरोखर झाला. 2024 पासून हा बॅकअप गुगलच्या 15 जीबी फुकट जागेतच मोजला जातो. ती जागा फोटोंनी भरलेली असेल तर बॅकअप मधेच अडतो. अशा वेळी दोन्ही फोन अँड्रॉइड असतील, तर Chats मधल्या Transfer chats ने नव्या फोनवरचा क्यूआर कोड जुन्या फोनने स्कॅन करून चॅट थेट नव्या फोनवर पाठवता येतात. त्यासाठीही दोन्हीकडे नंबर एकच लागतो.

[दृश्य: नवा फोन. Restore हे बटण.]

मग नवं सिम नव्या फोनमध्ये, तेच गुगल खातं, नवा नंबर, आणि विचारलं की Restore. इथे चुकून वगळलं गेलं, तर अ‍ॅप काढून पुन्हा टाकावं लागतं. मेसेज आधी येतात, फोटो-व्हिडिओ मागाहून उतरत राहतात. ते सगळे येईपर्यंत जुना फोन रीसेट करू नका.

उलट्या क्रमाने आधीच करून बसला असाल, तरी जुन्या फोनवर जुन्या नंबराचं व्हॉट्सअ‍ॅप चालू आहे तोवर वाट मोकळी आहे. नव्या फोनवर उघडलेलं नवं खातं Delete account ने काढून टाका. तिथे नंबर टाकायला सांगतात. शेवटचे आकडे नीट वाचून तो नवाच आहे याची खात्री करा, कारण जुनं खातं उडालं तर ग्रुपही जातात. त्यानंतर जुन्या फोनवर Change number पासून सुरुवात करा.

[दृश्य: कार्यालयातला काउंटर. पाकिटात सरकवलेलं सिम.]

नंबर न बदलताच सिम परत केलं, तर काय होतं? बंद झालेला नंबर नियमाप्रमाणे किमान 90 दिवस दुसऱ्या ग्राहकाला दिला जात नाही. पण कार्यालयाचं सिम बंद होतच नाही, ते सरळ पुढच्या कर्मचाऱ्याकडे जातं. त्याने त्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं, की तुमच्या भावकीच्या ग्रुपमध्ये तो येऊन बसतो. मागचं काही त्याला दिसत नाही, पुढचं सगळं दिसतं. Change number केल्यावर जुन्या नंबराचं खातंच मिटतं, आणि पुढच्या माणसाला कोरा नंबर मिळतो.