दीड तासाच्या वेबिनारमधलं एक मिनिट

मंडळी, लांब वेबिनारमधून मोबाइलसाठी मिनिटभराची उभी क्लिप कशी काढायची ते बघू. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या द्राक्षरोगांवर आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांसाठी घेतलेला दीड तासाचा वेबिनार उदाहरणाला घेऊ. रेकॉर्डिंग हातात आलं की आपण ते पहिल्यापासून बघायला बसतो. मी म्हणेन, आधी शेवटची प्रश्नोत्तरं उघडा. तिथे शेतकऱ्यानं स्वतःच्या शब्दांत अडचण सांगितलेली असते. क्लिपला लागणारा हुक, म्हणजे बघणाऱ्याला धरून ठेवणारं सुरुवातीचं वाक्य, तिथेच मिळतो, आपल्याला तो रचावा लागत नाही.

समजा, एकानं विचारलं, "पानावर पिवळे डाग आलेत, डाऊनी आहे का?" तज्ज्ञ चार मिनिटं बोलले. आधी वाण कोणतं, पाऊस कधी झाला ही चौकशी झाली आणि तिसऱ्या मिनिटाला ते म्हणाले, "पान उलटून बघा. डागाच्या मागे पांढरी बुरशी असेल तर डाऊनी." हे वाक्य उचलून सगळ्यात पुढे ठेवा. त्यानंतर प्रश्न, मग वरचे तेलकट डाग आणि खालची पांढरी वाढ यांचं स्पष्टीकरण. मूळ जागी ते वाक्य पुन्हा येऊ देऊ नका. मधली चौकशी गाळली की साधारण मिनिटभराची क्लिप होते. कात्री मात्र श्वासाच्या जागी लावा. शब्दाचं शेपूट तुटलं तर जोड लगेच कानाला कळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच उत्तरात पुढे ते म्हणतात, "दुपारी कोरड्या हवेत ती बुरशी दिसेलच असं नाही, सकाळी दव असताना बघा." वेळ वाचवायला हे वाक्य कापलं, तर शेतकरी दुपारी पान उलटेल, काही दिसणार नाही आणि तो निर्धास्त राहील. क्लिप दहा सेकंदांनी वाढली तरी चालेल, पण सल्ल्याची अट सल्ल्यासोबतच राहिली पाहिजे. ती बसत नसेल तर ती क्लिप काढूच नका.

चौकटीचंही बघावं लागतं. १९२० बाय १०८० चं आडवं चित्र मधोमध ९:१६ मध्ये उभं कापलं की रुंदीचे जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात आणि स्लाइडवरचं पान अर्धं जातं. म्हणून पानाचा फोटो वर, बोलणारा खाली अशी मांडणी करा. म्हणजे "हे बघा" म्हटल्यावर खरंच काही दिसतं, आणि गाळलेल्या जागचा जोडही फोटोखाली झाकला जातो. आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ, त्यामुळे मजकूर पडद्यावर हवाच. पण अगदी तळाशी नको, तिथे ॲपची बटणं आणि नावं येतात. आपोआप उमटलेला मराठी मजकूर तसाच सोडू नका; औषधाचं नाव आणि लिटरमागचं प्रमाण तज्ज्ञांकडून तपासून घ्या.

टाकल्यानंतर प्रेक्षक कुठे सोडून गेले त्याचा आलेख उघडा. पहिल्या दोन-तीन सेकंदांतच तो कोसळला तर हुक बदला. हुकनंतर प्रश्नाशी घसरला, तर प्रश्न लांबलाय. तो एका वाक्यावर आणा.