अडचण एकाचीच असेल, ती वेळ शोधा

मित्रहो, दहा जणांची मीटिंग ठरवायला बसलं की आपण सगळे एकच गोष्ट शोधतो: दहाही कॅलेंडरं रिकामी असतील असा अर्धा तास. या आठवड्यात तो सापडत नाही, मग पुढचा आठवडा बघतो, तिथेही सापडत नाही. माझं म्हणणं असं आहे की आपण शोधतो तेच चुकतं. थोडा हिशेब करू.

समजा, दहापैकी सहा जण 9 ते 5 काम करतात, तिघे 11 ते 7, आणि एक सहकारी सकाळी 8 ला येऊन दुपारी 2 ला निघतात. सर्वांत उशिरा येणारे 11 ला येतात, सर्वांत लवकर जाणारे 2 ला जातात. म्हणजे एकही कॅलेंडर न उघडता दिवसाचे तीनच तास हातात उरले. त्यातला 1 ते 2 जेवणाचा. राहिले दोन तास, म्हणजे अर्ध्या तासाचे चार स्लॉट. पाच दिवसांचे वीस.

आता प्रत्येक जण कुठल्याही स्लॉटला मोकळा असण्याची शक्यता 70 टक्के धरा. मी हा आकडा उदारपणे धरतोय. तरी दहाही जण एकाच वेळी मोकळे असण्याची शक्यता 0.7 चा दहावा घात, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. वीस स्लॉटमध्ये सरासरी अर्धा. दोन आठवडे चाळावेत तेव्हा कुठे एखादा स्लॉट मिळेल. एक तासाची मीटिंग असेल तर लागोपाठ दोन स्लॉट हवेत, ते तर विसराच.

पण प्रश्न थोडा बदलून विचारा: नऊ जण मोकळे आहेत आणि फक्त एकाचीच अडचण आहे, असे स्लॉट किती? त्याची शक्यता सुमारे 12 टक्के येते. वीसमध्ये दोन-तीन. म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला अशी वेळ असते, फक्त आपण ती ‘जमत नाही’ म्हणून सोडून देतो. म्हणून वीस स्लॉट कागदावर मांडा, प्रत्येकासमोर किती जणांची अडचण आहे तो आकडा लिहा, आणि जिथे 1 आहे तिथे त्या एका व्यक्तीशी बोला. दहा जणांना विचारण्यापेक्षा एकाला विचारणं केव्हाही सोपं.

बोलताना ‘मोकळे आहात का?’ असं विचारू नका, ते मोकळे नाहीत हे दिसतंच आहे. विचारा, ‘11:30 ला जे लावलंय, ते हलू शकतं का?’ कॅलेंडरवर सगळे ब्लॉक एकाच रंगात दिसले तरी सगळे सारखे पक्के नसतात. बाहेरच्या लोकांबरोबरची बैठक हलत नाही. स्वतःच्या कामासाठी राखलेला तास बहुधा हलतो, पण तो त्या माणसाने स्वतःहून हलवावा. आपण गृहीत धरू नये. दर आठवड्याची दोघांची भेट तर सहज अर्धा तास पुढे जाते.

माझ्या हिशेबात प्रत्येकाची व्यस्तता इतरांपासून स्वतंत्र धरली आहे. प्रत्यक्षात तसं नसतं. सोमवारी सकाळी सगळेच अडकलेले असतात, तर एखाद्या दुपारी बरेच जण मोकळे. म्हणून सरासरीवर थांबू नका, खरे स्लॉट मोजा. आणि कोरं कॅलेंडर दिसलं की सावध व्हा. तो माणूस मोकळा नसेल, नोंदी करत नसेल. त्याला आधीच विचारून घ्या.

एकही स्लॉट हलत नसेल, तर दहाही जण हवेत का हे पाहायची वेळ आली. प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न ठेवा: ही व्यक्ती नसली तर निर्णय अडेल का? समजा असे पाचच जण निघाले आणि 2 ला जाणारे सहकारी त्यांत नाहीत. मग खिडकी थेट 11 ते 5 होते, जेवणाचा तास वगळून आठवड्याला पन्नास स्लॉट, आणि पाचही जण मोकळे असतील असे त्यांत सरासरी आठ. बाकीच्या पाच जणांचं मत आधी लेखी घ्या आणि निर्णय त्याच दिवशी कळवा. ही वाट सोपी असली तरी ती दुसरी ठेवतो, कारण शिफ्ट वेगळी असलेल्या माणसालाच प्रत्येक वेळी वगळलं जातं आणि काही महिन्यांत त्याला चर्चेतलं काहीच माहीत नसतं.

शेवटचं, वेग. वीस पर्यायांचा पोल पाठवला की उत्तरं यायला तीन दिवस लागतात, आणि पहिल्याने मोकळा सांगितलेला स्लॉट तोवर भरलेला असतो. दोन-तीनच वेळा निवडा, त्या सगळ्यांच्या कॅलेंडरवर तात्पुरत्या अडवून ठेवा, उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत द्या. एक वेळ पक्की झाली की बाकीच्या लगेच सोडा; त्या अडकून राहिल्या तर पुढची मीटिंग ठरवणाऱ्याला दहाही जण उगाच व्यस्त दिसतील.