पिठ्ठूत वाळू भरायच्या आधी

बसा बसा, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, ह्या खुर्च्या काय पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या नाहीत. वाचनालयाच्या मंडळींनी बाहेर फळ्यावर लिहिलंय, "सैनिकी प्रशिक्षण : मार्च, अडथळे आणि वजन". तिन्ही सांगणार आहे, 45 मिनिटं दिलीत मला, बघूया. फौज म्हणजे काय हे बेळगावात सांगत बसायची गरज नाही, मराठा सेंटर 1922 पासून इथं आहे, आपल्यातल्या निम्म्या घरांत ट्रंकेवर नंबर रंगवलेला आहे. त्यामुळं प्रस्तावना कट.

मागच्या महिन्यात मी सकाळी राजहंसगडाला गेलो होतो, फिरायलाच, आता गुडघे म्हणतात की एवढंच कर. तर वरून पाच-सहा पोरं पळत खाली येऊलालीत, पाठीवर शाळेच्या सॅका, आणि प्रत्येक पावलाला मागं धप्प धप्प असा आवाज. एकाला थांबवलं. "काय आहे रे ह्यात?" म्हणाला, "वाळू आहे मामा, वीस किलो." "आणि पळतोस कशाला?" "स्टॅमिना वाढतोय की." किती दिवस झाले विचारलं तर म्हणाला, आजचा चौथा. पायात पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट. हे त्याला कुणीतरी पैसे घेऊन शिकवलंय, कोण ते मी सांगणार नाही, तुम्हाला माहितीच आहे आणि तोही कदाचित इथंच बसलाय. (हशा)

मला राग का आला ते ऐका, कारण हेच गाढवपण मी स्वतः केलंय. एकोणीस वर्षांचा होतो, वजन 54 किलो, भरतीला तीन महिने होते. आमच्या घरात बासमतीची पोती होती, आईच्या नकळत एका जुन्या खाकी पिशवीत पंचवीस किलो तांदूळ भरला, दोरीचे पट्टे लावले आणि रोज चढ चढून उतारावर पळत खाली. पहिला आठवडा काय मस्त वाटलं! गावात लोक बघायचे, मी अजून जोरात. दुसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली, आईनं हळद-तेल चोळलं, काका म्हणाले कच्चा आहेस, अजून पळ, मोकळं होईल. तिसऱ्या आठवड्यात दुखणं एका जागी येऊन बसलं, नडगीच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढं, रात्री पांघरूण लागलं तरी कळ. दवाखान्यात एक्स-रे काढला, क्लीन. डॉक्टर म्हणाले काही नाही, भीती आहे मनात. मी आपला तसाच पळत राहिलो, आणि पुढं भरतीच्या मैदानावर 1.6 किलोमीटरच्या रेसमध्ये तिसऱ्या राऊंडला बसलो तो बसलोच. नंतर परत एक्स-रे काढला तेव्हा त्यात हाडाच्या बाजूला पांढरा फुगवटा दिसला, म्हणजे हाड तडकलेलं होतं आणि स्वतःच जुळायला लागलं होतं. अडीच महिने घरात. तांदूळ गेला तो वेगळाच, पिशवी घामानं भिजलेली, आईनं तो कोंबड्यांना घातला आणि वर्षभर ऐकवलं.

पुढच्या वर्षी लागलो ती गोष्ट सोडा. मुद्दा असा की ह्या तडकण्याचं नाव फौजेतूनच आलंय, मार्च फ्रॅक्चर. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं 1855 साली लिहून ठेवलंय, मार्च करून आलेल्या जवानांचे पाय सुजतात. तेव्हा एक्स-रे नव्हताच, तो आला 1895 ला, मग कळलं की पायाच्या पंज्यातली लांब हाडं तडकतात. म्हणजे माझ्या आधी सव्वाशे वर्षं माहीत असलेली गोष्ट, आणि माझे काका म्हणाले अजून पळ.

हे का होतं ते नीट समजून घ्या, बाकी विसरलात तरी चालेल. तुमचं काळीज आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतात, मांडीचे स्नायू महिन्या-दीड महिन्यात. हाडाचं तसं नाही. हाडावर नवीन लोड आला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवीन भरतं. जुनं घर दुरुस्त करताना गवंडी आधी भिंत फोडतो ना, तसंच. पोखरायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला जवळजवळ तीन महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुमचं हाड सुरुवातीपेक्षा कमजोर असतं आणि नेमका तेव्हाच तुमचा दम वाढलेला असतो, तुम्हाला वाटतं मी आता घोडा झालो, आणि तुम्ही वजन वाढवता. मी उस्ताद होतो तेव्हा रिक्रूट लंगडत आला की आधी विचारायचो, कितवा आठवडा?

ओळखायचं कसं? सगळी नडगी लांबपर्यंत ठणकते, गरम झाल्यावर कमी होते, ते बहुतेक स्नायूचं, चार दिवस कमी करा. पण अंगठ्यानं दाबल्यावर एकाच बोटभर जागी कळ येते, चालल्यावर वाढत जाते, रात्री झोपेतही दुखतं, तर वजन त्याच दिवशी खाली ठेवायचं. आणि सुरुवातीच्या एक्स-रेवर विश्वास ठेवू नका, पहिले दोन-तीन आठवडे त्यात बहुतेक वेळा काही दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसतं. डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, मी वजन घेऊन पळत होतो.

(कुणीतरी विचारलं, मग वजन घ्यायचंच नाही का?) घ्यायचं की! वजनाची सवय वजन घेऊनच लागते, नुसतं पळून ती येत नाही. पण वजनाचा खर्च कसा वाढतो ते बघा. पँडॉल्फ नावाच्या माणसाचं 1977 चं एक सूत्र आहे, चालायला किती ताकद लागते ते काढायचं, अंदाजच आहे पण चांगला. साठ किलोचा पोरगा डांबरी सपाट रस्त्यावर तासाला पाच किलोमीटरनं रिकामा चाललाय, त्याचा खर्च शंभर रुपये धरा. वीस किलो पाठीवर टाकलं की साधारण 129. एवढंच! म्हणून पोरांना वाटतं वजन काय विशेष नाही. आता तोच पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची वजनाची सॅक, घेऊन तासाला साडेसहाच्या वेगानं चालला, 189. आणि वेग परत पाचवर आणला पण रस्ता गडाचा, दहा मीटरला एक मीटर चढणारा, तर 275 च्या पुढं. म्हणजे माणसाला मारतो तो चढ आणि वेग, पिठ्ठू नुसता त्यांना व्याज लावतो. म्हणून एका वेळी एकच वाढवायचं, वजन नाहीतर अंतर नाहीतर वेग. उतार ह्या हिशोबात स्वस्त दिसतो, दम लागत नाही, पण प्रत्येक पावलाचा दणका नडगीवर बसतो, उतारावर वजन घेऊन पळायचं नाही म्हणजे नाही.

मी पोरांना काय करायला लावतो? पहिला महिना वजनाशिवाय चाल आणि पळणं. मग आठवडा-दहा दिवसांतून एकदाच पिठ्ठू, आठ-दहा किलोपासून, चालायचं फक्त. मधल्या दिवशी उठाबशा, पुल-अप्स, पाठीचा व्यायाम. रोज पिठ्ठू घेतल्यानं दुप्पट तयारी होत नाही, दुखापती वाढतात. वाळू भरायची तर घट्ट बांधून पाठीला चिकटवून, सॅकच्या बुडाला लोंबत ठेवायची नाही, ती लोंबली की माणूस पुढं वाकतो आणि कंबर जाते. कमरेचा पट्टा असेल तर आवळा, खांद्यावरचं वजन कमरेवर येतं. चालताना बोटांना मुंग्या येत असतील तर पट्टा खांद्याजवळची नस दाबतोय, सैल करून थोडा सरकवा, "होईल सवय" म्हणू नका. आणि बूट हलका घ्या, पायातलं एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोइतकं महाग पडतं.

मार्चबद्दल एक मजेची गोष्ट सांगतो, आपल्या सौंदत्तीला चालत जाणाऱ्या मंडळींनाही लागू आहे. तीस-चाळीस माणसांची रांग चालली की पुढचा थोडा हळू झाला तर मागचे थांबतात, पुढचा सुटला की मागच्यांना पळावं लागतं. पुढचा म्हणतो मी आरामात चाललोय, आणि शेवटचा दिवसभर थांब-पळ, थांब-पळ करून मेलेला असतो. नवीन उस्ताद हमखास कमजोर पोरांना मागं टाकतो, "मागून येतील." चूक! त्यांना पुढं घ्या, वेग त्यांचा धरा. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं हॉल्ट. पहिल्या हॉल्टला बूट काढून बघायचे, टाचेला जिथं गरम लागतंय तिथं लगेच टेप. फोड आल्यावर टेप लावणं म्हणजे बैल पळाल्यावर गोठ्याचं दार.

किती वाजले? अध्यक्ष घड्याळ दाखवूलालेत, दहा मिनिटं उरलीत म्हणे. अडथळे राहिलेच की! बरं, भराभर.

अडथळ्यांचा कोर्स दमासाठी असतो असं लोक समजतात. दम लागतोच, पण त्याचं खरं काम असं की पळून हापलेल्या अवस्थेत हातानं नीट काम करायला शिकवणं. आधी पकड जाते, पाय नंतर. म्हणून दोर हातानं ओढत चढणारा गडी दुसऱ्या मीटरला लोंबतो. दोर पायानं चढायचा, एका बुटावर दोर घ्यायचा, दुसऱ्या बुटानं दाबायचा, आणि उभं राहायचं, हात फक्त धरून ठेवायला. नऊ फुटी खड्डा मारताना खड्ड्यात बघायचं नाही, पलीकडच्या जमिनीत बघायचं, उडायच्या आधीची शेवटची तीन पावलं जलद टाकायची आणि दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरायचं. भिंतीला धावत जाऊन पाय लावायचा तो कमरेच्या उंचीला, खाली लावला की माणूस भिंतीला नाक घासतो. बॅलन्स बीमवर नजर पायावर ठेवली की पडलात.

आणि महत्त्वाचं, हे सगळं आधी ताज्या अंगानं शिकायचं, एकेक अडथळा सुटा, वीस-तीस वेळा. नंतर धावून आल्यावर. पिठ्ठूचा मार्च झाल्यावर त्याच दिवशी नवीन अडथळा शिकवायला जाऊ नका, थकलेले पाय उतरताना सावरत नाहीत, घोटा तिथंच जातो.

अध्यक्ष उभेच राहिले आता. बघा, ज्यांच्या सॅकेत वाळू आहे ती पोरं रविवारी सकाळी सहाला माझ्या घरी या, भुसार दुकानातला काटा मागवून ठेवतो. सॅक काट्यावर, पोरगा काट्यावर, आणि नडगी मी अंगठ्यानं बघतो. वाळू येतानाच अर्धी ओतून या, अंगणात ढीग नको, बायको ओरडते.