साडेचार सेकंदांचा हेलकावा

नमस्कार, श्रोतेहो.

ग्रिड म्हणजे तारांनी एकमेकांना बांधलेली शेकडो जनित्रं आणि ती सगळी एकाच ठेक्यात फिरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. या ठेक्यात एक बारीकसा हेलकावाही असतो आणि आज मी त्याबद्दल बोलणार आहे. एका टोकाकडची जनित्रं किंचित पुढे सरकतात तेव्हा दुसऱ्या टोकाकडची किंचित मागे पडतात, आणि लगेच उलट होतं. जनित्राचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, अवजड आणि मधल्या लाइन लांबलचक, त्यामुळे हे सगळं संथपणे चालतं. दोन प्रदेश एकमेकांविरुद्ध हलत असले तर एका हेलकाव्याला तीन-चार सेकंद सहज लागतात, कधी दहाही लागतात. रोटरच्या वेगात पडणारा फरक नगण्य असतो, पण मधल्या लाइनवरची वीज शेकडो मेगावॅटनी खालीवर होऊ शकते.

हेलकावा असणं हा दोष नव्हे. कुठे लाइन ट्रिप झाली, कुठे जनित्र बंद पडलं की तो येणारच. बघायचं ते एवढंच, की तो विरतोय की वाढतोय. पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे: तो विरतोय की वाढतोय?

याचं उत्तर ज्या आकड्यात मिळतं त्याला डॅम्पिंग म्हणतात. डॅम्पिंग चांगलं असलं की हेलकावा दोन-चार फेऱ्यांत विरतो. शून्याजवळ आलं की तो रेंगाळतो, आणि शून्याखाली गेलं की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मोठी होत जाते.

आता माझी लाडकी गोष्ट सांगतो. तारीख १० ऑगस्ट १९९६, वार शनिवार, जागा अमेरिकेचा पश्चिम भाग. उन्हाळा कडक होता. उत्तरेला कोलंबिया नदीवरच्या धरणांत पाणी मुबलक होतं, दक्षिणेला कॅलिफोर्नियात एअरकंडिशनर धडाधड चालू होते. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे चार हजार मेगावॅटहून जास्त वीज एसी लाइनवरून वाहत होती, आणि शेजारच्या डीसी लाइनवरून आणखी अडीच हजारांहून जास्त.

सकाळी १० वाजून ५२ मिनिटांनी चीफ जोसेफ धरणाजवळचा ब्रेक जोडला गेला. हा ब्रेक म्हणजे १४०० मेगावॅट वीज खाणारा एक अवाढव्य रेझिस्टर. तो अर्धा सेकंद जोडायचा आणि सोडायचा. या धक्क्याला ग्रिडने दिलेलं उत्तर नोंदलं गेलं. एका हेलकाव्याला साडेतीन सेकंद लागत होते आणि डॅम्पिंग होतं ८.४ टक्के. म्हणजे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी लहान होत होती. तब्येत ठणठणीत होती.

दुपारी दोननंतर ५०० केव्हीची एक लाइन झाडाला लागून ट्रिप झाली. २ वाजून ५२ मिनिटांनी दुसरी गेली, तीही झाडामुळेच. तिच्या मागोमाग आलेला हेलकावा नोंदीत दिसतो. आता एका फेरीला ३.८ सेकंद लागत होते आणि डॅम्पिंग उरलं होतं ३.७ टक्के. फेरी लहान होत होती, पण फक्त एक पंचमांशाने.

वीज वाहू लागली की तार तापते, तापली की लांबते आणि लांबली की खाली झुकते. खाली झाड असेल तर गाठ पडणारच. लाइनखालची झाडं छाटणाऱ्या गँगचं काम मी बिघाड ओळखून लाइन तोडणाऱ्या संरक्षण रिलेच्या तोडीचं मानतो. उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालून ही माणसं जे काम करतात, त्याचा उल्लेख आमच्या शोधनिबंधांत सहसा नसतो. तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. असो.

३ वाजून ४२ मिनिटांनी कीलर ते ऑल्स्टन ही ५०० केव्हीची लाइन अशीच झाडापाशी झुकून गेली. तिची वीज आजूबाजूच्या कमी दाबाच्या लाइनवर आली आणि त्यांच्यावर ताण पडला. डॅम्पिंग ३.५ टक्के. पुढची पाच मिनिटं वरवर शांततेत गेली. नियंत्रण कक्षात दर काही सेकंदांनी एक आकडा दाखवणाऱ्या पडद्यावर अशा वेळी फारसं काही कळत नाही, कारण चार सेकंदांचा हेलकावा त्या आकड्यांच्या फटींतून निसटून जातो.

मग ३ वाजून ४७ मिनिटं झाली. एक २३० केव्हीची लाइन झाडाला लागली. त्याच सुमाराला मॅकनेरी धरणाची जनित्रं एकामागून एक बंद पडू लागली. ती सगळी व्होल्टेज सावरायला आधीच जोर लावत होती, आणि त्यांच्या एक्सायटरच्या, म्हणजे रोटरच्या चुंबकाला करंट पुरवणाऱ्या यंत्राच्या, संरक्षण यंत्रणेने चुकीने त्यांना बाहेर काढलं. अशी एकूण तेरा जनित्रं गेली. ज्या भागात व्होल्टेजला आधार हवा होता, तिथलाच आधार सुटला.

इथे डॅम्पिंग शून्याखाली गेलं. सुरुवातीला ते उणे ३.१ टक्के होतं, एका फेरीला ४.२ सेकंद लागत होते आणि प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा एक पंचमांशाने मोठी होत होती. मिनिटभरातच ते उणे ६.३ वर आलं. फेरी ४.६ सेकंदांची झाली आणि प्रत्येक फेरी आधीच्या जवळजवळ दीडपट होऊ लागली. या दीडपटीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शंभर मेगावॅटचा हेलकावा पुढच्या फेरीत दीडशेचा होतो, मग सव्वादोनशेचा, मग साडेतीनशेच्या आसपास. सहा फेऱ्यांत तो हजाराच्या पुढे जातो, आणि सहा फेऱ्या म्हणजे अर्धं मिनिटसुद्धा नाही. ऑपरेटरने फोन उचलेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

३ वाजून ४८ मिनिटं आणि ५० सेकंदांच्या सुमारास हेलकावा हजार मेगावॅटच्या घरात पोचला. व्होल्टेज इतकं खाली जात होतं, की उत्तर-दक्षिण जोडणाऱ्या लाइन आपोआप उघडल्या. ग्रिडचे चार तुकडे झाले. सुमारे पंचाहत्तर लाख ग्राहकांची वीज गेली आणि काही ठिकाणी ती परत यायला नऊ तासांपर्यंत वेळ लागला.

नंतर अभियंत्यांनी हीच घटना नियोजनाच्या संगणकी मॉडेलवर चालवून पाहिली. त्याच लाइन काढल्या, तीच जनित्रं बंद केली. मॉडेलने सांगितलं, की थोडा हेलकावा येईल आणि विरून जाईल! खरी नोंद आणि मॉडेलची रेघ एकाखाली एक ठेवलेली ती चित्रं प्रसिद्ध झाली आहेत. वरची रेघ फुगत जाऊन तुटते, खालची हळूहळू सपाट होते. त्या मॉडेलमधले जनित्रांचा वेग सांभाळणारे गव्हर्नर, ग्राहकांचा लोड आणि डीसी लाइनचं नियंत्रण प्रत्यक्षासारखं वागत नव्हतं. त्यानंतर तिथे जनित्रांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन मॉडेल जुळवणं सक्तीचं झालं. प्रत्यक्ष नोंदीशी ताडून न पाहिलेल्या मॉडेलवर लाइनची क्षमता ठरवू नये, हे माझं ठाम मत आहे.

आता वळूया उपायाकडे. डॅम्पिंग उणे होतं कसं? प्रत्येक मोठ्या जनित्रावर एव्हीआर असतो, म्हणजे व्होल्टेज धरून ठेवणारं स्वयंचलित नियंत्रण. व्होल्टेज घसरलं की तो रोटरच्या फील्डमधला करंट वाढवतो. हे झटपट व्हावं म्हणून तो जलद आणि तिखट ठेवतात, आणि बिघाडानंतरच्या पहिल्या धक्क्यात त्याचा फायदाही होतो. पण फील्ड म्हणजे मोठी कॉइल, तिथला करंट लगेच बदलत नाही. त्यामुळे एव्हीआरचा जोर रोटरपर्यंत उशिरा पोचतो. झोपाळा मागे येत असताना धक्का दिला तर तो मंदावतो आणि पुढे जाताना दिला तर वाढतो, तसंच इथे घडतं. लाइन लांब आणि वीज भरपूर वाहत असली, की एव्हीआरचा उशिरा पोचलेला जोर नेमका हेलकावा वाढवणाऱ्या वेळी पडतो. डी मेलो आणि कॉन्कॉर्डिया या दोन अभियंत्यांनी १९६९ साली हे गणिताने मांडलं.

पॉवर सिस्टीम स्टॅबिलायझर, म्हणजेच पीएसएस, एव्हीआर काढत नाही, त्याच्या जोराची वेळ दुरुस्त करतो. तो रोटरचा वेग किंवा वीज मोजतो, त्यातला हेलकावा वेगळा काढतो, फील्डमुळे जितका उशीर होणार तितकी आगाऊ भरपाई करतो आणि तो छोटा सिग्नल एव्हीआरमध्ये मिसळतो. रोटर जास्त वेगात असेल त्याच क्षणी त्याच्यावर जादा विरोध पडतो, आणि मंद असेल तेव्हा कमी. त्याची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवतात, म्हणजे व्होल्टेज पाच-दहा टक्क्यांपलीकडे ओढलं जात नाही.

यातला हेलकावा वेगळा काढणारा भाग, ज्याला वॉशआउट म्हणतात, तो नीट लावावा लागतो. तो संथ बदल अडवतो आणि हेलकावा पुढे जाऊ देतो. त्याचा कालांक, म्हणजे संथ बदल विसरायला त्याला लागणारा वेळ, दहा सेकंद ठेवला, तर चार सेकंदांच्या हेलकाव्याची वेळ, पूर्ण फेरी ३६० अंशांची धरून, जेमतेम चार अंशांनी सरकते. एक सेकंद ठेवला, तर तीच वेळ बत्तीस अंशांनी पुढे जाते आणि सगळी भरपाई बिघडते. असा पीएसएस एका केंद्रातला सेकंदभराचा हेलकावा छान शमवेल, त्या चाचणीत पास होईल, आणि दोन प्रदेशांमधल्या हेलकाव्याला मात्र उपयोगी पडणार नाही. पीएसएस बसवला की नाही, एवढं विचारून भागत नाही. तो चालू आहे का आणि कोणत्या हेलकाव्यासाठी जुळवला आहे, हे विचारावं लागतं.

आणि तो कुठे बसवायचा? १९९६च्या घटनेच्या नंतरच्या विश्लेषणात दोन जागा निघाल्या: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्र आणि अॅरिझोनातलं पालो वर्दे. सॅन ओनोफ्रेला पीएसएस जोडायचा आणि पालो वर्देचा नव्याने जुळवायचा. गणितात एवढ्यानेच डॅम्पिंग उणे ३.४ वरून अधिक ४.३ टक्क्यांवर आलं. लाइन तुटल्या उत्तरेला, मॅकनेरी उत्तरेला आणि उपाय सापडला दक्षिणेच्या टोकाला! हेलकाव्यात रोटर सगळ्यात जास्त हलतात ते टोकांना, म्हणून पीएसएसला पकड तिथेच मिळते. मधल्या एखाद्या केंद्रात तोच पीएसएस कितीही उत्तम जुळवला, तरी त्याचा रोटर जागचा फारसा हलतच नसेल, तर तो शमवणार काय?

पीएसएसला मर्यादाही आहेत. जनित्र फील्ड करंटच्या कमाल मर्यादेला टेकलं आणि ती मर्यादा राखणाऱ्या लिमिटरने ताबा घेतला, की पीएसएसचं फारसं चालत नाही. पीएसएसचा लाभांक, म्हणजे सिग्नल किती पट करायचा तो आकडा, फार वाढवला तर एक्सायटर स्वतःच थरथरू लागतो. औष्णिक केंद्रात लांब शाफ्टची पिळवटण्याची कंपनं त्यात शिरू नयेत म्हणून वेगळा फिल्टर लावावा लागतो.

चाचणी मात्र सोपी असते. जनित्र लोडवर ठेवायचं, पीएसएस बंद करायचा, एव्हीआरच्या व्होल्टेज संदर्भाला एक-दोन टक्क्यांचा झटका द्यायचा आणि विजेची रेघ जलद रेकॉर्डरवर घ्यायची. मग पीएसएस चालू करून तोच झटका पुन्हा द्यायचा. पहिल्या रेघेत सात-आठ फेऱ्या दिसत असतील आणि दुसरीत दोन-तीन, तर स्थानिक हेलकाव्यापुरतं काम झालं. संथ हेलकाव्याचा निकाल एका जनित्राला झटका देऊन मिळत नाही. त्यासाठी दोन टोकांना बसवलेल्या, सेकंदाला अनेक नोंदी घेणाऱ्या मापकांची एकाच घड्याळावरची रेघ लागते, आणि ती खऱ्या बिघाडानंतर लगेच काढून पाहावी लागते.

नमस्कार.