विहीर अलीकडे, बाग पलीकडे

श्रोतेहो, नमस्कार. रस्त्यासाठी किंवा कालव्यासाठी जमीन जाणार असे कळले की गावात पहिला प्रश्न निघतो तो एकरी दराचा. भूसंपादनाच्या कामात असताना हा प्रश्न मी रोज ऐकत असे. आज मात्र मी दर ठरण्याच्या आधीच्या एका दिवसाविषयी, संयुक्त मोजणीच्या दिवसाविषयी बोलणार आहे. त्या दिवशी भूमी अभिलेखचा भूकरमापक, प्रकल्पाचा अभियंता, तलाठी आणि शेतकरी बांधावर एकत्र येतात. कोणत्या गटातून किती क्षेत्र जाते आणि त्यात कोणती झाडे, विहिरी, घरे आहेत, हे तिथे लिहिले जाते. मोबदल्याचा हिशेब याच कागदावरून होतो.

एका रस्त्याची अशी मोजणी मे महिन्यात चालू होती. एका विधवा शेतकरी बाईंच्या शेताच्या मधोमध आखणी गेली होती. त्यांची वीस गुंठे जमीन जात होती, पण विहीर पट्ट्याबाहेर राहत होती. मी समाधानाने त्यांना म्हणालो, "मावशी, तुमची विहीर वाचली." त्यांनी पलीकडच्या डाळिंबाच्या बागेकडे हात केला आणि विचारले, "साहेब, विहीर अलीकडं, बाग पलीकडं. पाणी काय रस्त्यावरून उडी मारून जाणार?"

मी कागद पाहिला. पट्ट्यातली झाडे मोजलेली होती, विहीर पट्ट्याबाहेर म्हणून सोडलेली होती आणि जमिनीखालच्या पाइपलाइनचा उल्लेखच नव्हता. सातबाऱ्यावरही तिची नोंद नव्हती. मावशींनी फावडे मागवले आणि दीराला खणायला सांगितले. दोन फुटांवर पाइप लागला. त्याच ठिकाणी पंचनामा करून लांबी आणि व्यास लिहून घेतले.

प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. अभियंत्याचे म्हणणे होते की प्रत्येक गटासाठी रस्त्याखालून नळी देत बसलो तर काम रेंगाळेल आणि खर्च वाढेल. त्यांचेही खरे होते, कारण मुदतीचे उत्तर त्यांना द्यायचे होते. पण एकदा भराव पडून डांबर झाले की रस्ता खोदण्याची परवानगी मिळवणे शेतकऱ्याला किती अवघड जाते, हे मी पाहिले होते. झाडाखाली बसून दोन तास बोलणे झाले. शेवटी तीन लगतच्या गटांसाठी मिळून एकच मोठी सिमेंटची नळी भरावाआधी टाकायची, असे ठरले आणि तसे इतिवृत्तात लिहिले. शेताचे दोन तुकडे झाल्यामुळे होणारे नुकसान वेगळे मोजले, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ते मोजण्याची तरतूद आहे.

आता त्या एका नोंदीने काय फरक पडतो, ते ऐका. समजा एकरी बाजारमूल्य २० लाख ठरले. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर, म्हणून १० लाख. ग्रामीण भागात याला एक ते दोन या दरम्यानच्या गुणकाने गुणतात. गुणक दोन धरला तर २० लाख. यात झाडे, पाइपलाइन, बांधकाम यांची किंमत मिळवतात, ती २ लाख धरा. या २२ लाखांवर तेवढेच दिलासा रकमेचे, म्हणजे एकूण ४४ लाख. बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के रक्कम कायद्यानुसार आणखी मिळते, ती निराळी. पुन्हा सांगतो, दिलासा रक्कम झाडांवर आणि पाइपवरही मिळते. म्हणून मोजणीत ५० हजारांची वस्तू सुटली, तर तोटा एक लाखाचा होतो.

बाजारमूल्य ठरवताना परिसरातील मागील तीन वर्षांची खरेदीखते पाहतात. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खतात कमी किंमत लिहिण्याची आपल्याकडची सवय मला फार खटकते, कारण त्या कमी आकड्याची झळ पुढे शेजाऱ्याच्या मोबदल्यालाही बसू शकते.

घर जात असेल तर पुनर्वसनाचे लाभ मोबदल्याहून वेगळे असतात. विस्थापित कुटुंबाला घर आणि ५० हजारांचा एकरकमी पुनर्वसन भत्ता कायद्याने मिळतो. त्यासाठी घराची नोंदही त्याच दिवशी व्हावी लागते.

मावशींच्या शेजारचे गृहस्थ मोजणीला आले नव्हते. त्यांची पाइपलाइन कागदावर आली नाही. निवाडा सुनावला त्या दिवशी ते हजर होते आणि रक्कम त्यांनी कोणतीही हरकत न लिहिता घेतली. पाइपचे लक्षात आले तेव्हा सहा आठवडे उलटून गेले होते. निवाडा मान्य नसेल तर रक्कम घेताना हरकत लेखी नोंदवावी लागते, आणि निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने वाढीव मोबदल्याचा अर्ज सहा आठवड्यांत करावा लागतो. पुन्हा सांगतो, हरकत लेखी आणि अर्ज सहा आठवड्यांत. त्या गृहस्थांनी अखेर नवी पाइपलाइन स्वतःच्या खर्चाने टाकली आणि ती मावशींच्या गटाजवळच्या त्याच सामाईक नळीतून पलीकडे नेली.